एकाच सेक्स्टंटमध्ये टार्टर आणि पॉकेट दोन्ही असतील तर सीपीआय कोड कोणता?

प्रश्न: रुग्ण ४० वर्षांचा. १७ वर टार्टर आहे, पण प्रोबचा काळा पट्टा पूर्ण दिसतो. १६ वर तो अर्धवट हिरडीत जातो. शिवाय डाव्या वरच्या बाजूला एकच दात उरलाय. काय लिहू?

उत्तर: उजव्या वरच्या सेक्स्टंटला ३ आणि डाव्या वरच्याला X. सहाही सेक्स्टंटना प्रत्येकी एकच कोड मिळतो, तोही त्यातला सर्वांत वाईट. त्यामुळे १७ चा २ गळून पडतो. पट्टा ३.५ ते ५.५ मिमी इतका असतो, म्हणून:

- ०: निरोगी
- १: प्रोबिंगनंतर रक्त
- २: टार्टर, पट्टा पूर्ण दिसतो
- ३: पट्टा अर्धवट झाकलेला, पॉकेट ४-५ मिमी
- ४: पट्टा दिसेनासा, ६ मिमी किंवा जास्त

काढायचे ठरलेले दात वगळून दोनपेक्षा कमी दात उरत असतील तर X. प्रोब २० ग्रॅमहून जास्त जोराने दाबू नका, नाहीतर २ चा ३ सहज होतो (नवशिक्यांचं नेहमीचंच).

हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या पद्धतीनुसार. तुमचा फॉर्म २०१३ च्या आवृत्तीचा असेल तर सेक्स्टंट विसरा: तिथे प्रत्येक दाताचं रक्त आणि पॉकेट वेगवेगळं नोंदवतात, टार्टर नोंदवतच नाहीत.