घरोघरी सर्वेक्षणासाठी ग्रामपंचायतीला पत्र

प्रश्न: एम.एस.डब्ल्यू.च्या प्रकल्पासाठी गावात घरोघरी सर्वेक्षण करायचंय. ग्रामपंचायतीकडे परवानगीचं पत्र कसं लिहू?

पत्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, या दोघांच्या नावे, कॉलेजच्या लेटरहेडवर आणि मार्गदर्शकांच्या सहीने द्या. महानगरपालिकेच्या हद्दीत असाल तर तेच पत्र प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना जातं. नुसतं ‘सर्वेक्षणास परवानगी मिळावी’ लिहिलं की पत्र पडून राहतं, कारण उद्या कोणी तक्रार केली तर काय सांगायचं हे त्यांना कळत नाही. म्हणून मुख्य परिच्छेद असा नेमका ठेवा:

‘आपल्या गावातील ४२० घरांपैकी दर सातवे घर याप्रमाणे ६० घरांत पिण्याच्या पाण्याविषयी माहिती घ्यायची आहे. दि. ५ ते १२ या काळात सकाळी ९ ते १२ दोन विद्यार्थिनी ओळखपत्रासह येतील. प्रत्येक घरी साधारण २० मिनिटे लागतील. आधार किंवा बँकेची माहिती विचारली जाणार नाही. या सर्वेक्षणाचा कोणत्याही शासकीय योजनेच्या यादीशी संबंध नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. घरकुलाची किंवा रेशनची यादी होतेय असा समज झाला, तर लोक उत्पन्न कमी सांगतात आणि तुमची माहितीच बिघडते.

घरांची निवड करायला घरपट्टी आकारणीच्या नमुना ८ मधली घरांची यादी उपयोगी पडते. ती पाहू देण्याची विनंती याच पत्रात करा. सोबत प्रश्नावली जोडा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पण ही फक्त पोच आहे. परवानगी वेगळी, लेखी मागा. ती मिळाली तरी प्रत्येक घरातल्या माणसाची संमती घ्यावीच लागते.