कुठले आजोबा? ‘जो-तो’ आणि इंग्रजीतलं ‘हू-विच’

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत सातवीत, इंग्रजी माध्यमात शिकते. मराठीच्या निबंधात तिनं लिहिलं, “माझे आजोबा, जे साताऱ्यात राहतात, ते शेतकरी आहेत.” बाईंनी ‘जे’वर लाल रेघ मारली. मुलगी म्हणते, इंग्रजीत ‘हू’ चालतं मग मराठीत ‘जे’ का नाही? मलाही नीट सांगता आलं नाही. ‘जो-तो’ म्हणजे ‘हू-विच’च ना?

उत्तर : तुमच्या मुलीच्या वाक्यात लिंग-वचनाची चूक नाही. आजोबांना आदरार्थी बहुवचन, म्हणून ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही बरोबर आहेत. अडचण ‘जे’ कुठं बसलंय यात आहे, आणि त्या जागेमुळे अर्थही डळमळतो.

तिला आधी एक गोष्ट विचारा : तुला आईच्या वडिलांना आणि बाबांच्या वडिलांना वेगळं करून दाखवायचं होतं का? म्हणजे एक आजोबा इथं सांगलीत, दुसरे साताऱ्यात, आणि शेती करतात ते साताऱ्याचे. तसं असेल तर ‘जे-ते’ अगदी हवंच, फक्त वाक्य असं होईल : “माझे जे आजोबा साताऱ्यात राहतात ते शेतकरी आहेत.” हे ऐकताक्षणी मराठी माणसाला कळतं की आजोबा दोन आहेत आणि त्यांतल्या एकाबद्दल बोलणं चाललंय. जो-तोचं मूळ काम हेच. अनेकांतून एक निवडायचा, मग त्याच्याबद्दल काय ते सांगायचं.

पण आजोबा कोणते हे आधीच ठरलेलं असेल, आणि साताऱ्यात राहणं ही नुसती जादा माहिती असेल, तर निवडायला काही उरतच नाही. वडिलांच्या बाबतीत हे लख्ख दिसतं. “माझे जे वडील साताऱ्यात असतात ते शिक्षक आहेत” असं म्हणून बघा. ऐकणारा चमकून विचारेल, वडील किती आहेत तुम्हाला? अशा ठिकाणी मराठी सरळ दोन वाक्यं करते : “माझे आजोबा साताऱ्यात राहतात. ते शेतकरी आहेत.” किंवा ‘राहणारे’, ‘असलेले’ अशी रूपं वापरते.

इंग्रजी हे दोन्ही अर्थ एकाच ‘हू’वर भागवते आणि फरक स्वल्पविरामावर सोडते. नामानंतर स्वल्पविराम नसेल तर निवड, असेल तर जादा माहिती. तुमच्या मुलीनं इंग्रजीतला दुसरा प्रकार स्वल्पविरामांसकट मराठीत आणला. मराठीत मात्र हा फरक स्वल्पविराम सांगत नाही, वाक्याची बांधणी सांगते. “सांगली, जी की हळदीसाठी प्रसिद्ध आहे” ही हल्ली सारखी कानावर पडणारी रचनाही याच जातीची. “हळदीसाठी प्रसिद्ध असलेली सांगली” म्हटलं की पुरतं. ‘जी की’वाली रचना कुणालाच कळत नाही असं नाही, छापूनही येते, पण मला ती खटकते. कारण नामाला लागून मध्येच ‘जो’चं वाक्य खुपसलं की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याचा दम जातो.

आता ‘हू-विच’शी तुलना. इंग्रजी आधी नाम सांगते आणि त्याला मागून एक शेपूट जोडते. मराठी तसं काही जोडत नाही. ती दोन अख्खी वाक्यं शेजारी ठेवते. पहिलं वाक्य ‘जो’नं एक जागा मोकळी करतं, दुसरं ‘तो’नं ती भरतं. म्हणून इंग्रजीला जे एका शब्दात जमत नाही ते मराठी सहज करते : एकाच वाक्यात दोन जागा मोकळ्या सोडते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभे राहा. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, रंग वेगळा, आणि प्रत्येकाच्या मालाला दर वेगळा. तिथं कुणीही सहज म्हणेल, “ज्याची जशी हळद त्याला तसा दर.” ‘ज्याची’ला ‘त्याला’नं उत्तर दिलं, ‘जशी’ला ‘तसा’नं. हे इंग्रजीत ‘हू’नं सांगायला जा, वाक्य अडकतं. त्यांचं शेपूट एकाच नामाला लागतं, आणि इथं तर शेतकरीही ठरायचाय आणि दरही. त्यांना ‘प्रत्येक शेतकऱ्याला आपापल्या मालाप्रमाणे’ अशा वळणानं जावं लागतं. ‘ज्याला जे हवं त्यानं ते घ्या’ हे आपण जेवायला वाढताना विचार न करता म्हणतो, तेही याच घडणीचं. जेवढा-तेवढा, जिथं-तिथं, जेव्हा-तेव्हा या सगळ्या जोड्या याच घरातल्या.

दोन वाक्यं स्वतंत्र असल्यामुळे विभक्तीही ज्याची त्याची. “ज्या शेतकऱ्यानं काल पाच पोती आणली त्याला आज पट्टी मिळाली.” आणण्याचं काम त्यानं केलं म्हणून पहिल्या वाक्यात ‘-नं’. पट्टी त्याला मिळाली म्हणून दुसऱ्यात ‘-ला’. एकाचा प्रत्यय दुसऱ्याला जुळायला लागत नाही. मुलं इथं नेमकी ‘जो शेतकऱ्यानं’ असं लिहितात, कारण ‘हू’ नामाप्रमाणे बदलत नाही. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की जो, जी, जे तिन्हींचं ‘ज्या’ होतं : ज्या मुलानं, ज्या मुलीनं, ज्या पोत्यात. नाम गाळलं तर प्रत्यय सर्वनामावर येतो आणि लिंग परत दिसतं : ज्यानं, जिनं. माणूस की वस्तू, हा ‘हू’ आणि ‘विच’मधला भेद मराठी इथं पाळतच नाही. ‘जो माणूस’ आणि ‘जो दर’, दोन्हींना एकच ‘जो’.

बाई कदाचित म्हणतील, सगळीकडे ‘राहणारे’, ‘आलेला’, ‘विकलेली’ वापरा. लहान वाक्यात ते खरंच छान लागतं. “मी विकलेली हळद” यापुढे “जी हळद मी विकली ती” लांबट वाटतं. पण या रूपांना मर्यादा आहे. “ज्याच्याबरोबर मी हरिपूरला संगमावर गेलो तो मित्र” याचं “मी हरिपूरला गेलेला मित्र” करून बघा. ‘बरोबर’ला लटकायला जागाच राहिली नाही, आणि वाक्य मोडलं. “ज्याच्यापेक्षा मी मोठा आहे तो भाऊ” याचंही तेच. अशा ठिकाणी जो-तोला पर्याय नाही.

आणि ‘जो’चं वाक्य नंतर येऊच नये असंही नाही. “तो पोरगा आला बघ, जो परवा न सांगता गेला होता” हे कुठल्याही ओट्यावर ऐकू येईल. “असा शेतकरी दाखवा, ज्याला वेळेवर पाऊस नको” हेही अस्सल. दोन्हींत पहिलं वाक्य पुरं झालंय, मग ‘जो’ आलाय. तुमच्या मुलीच्या वाक्यात तो आजोबांच्या आणि शेतकरीपणाच्या मध्ये शिरला, म्हणून लाल रेघ.

तेव्हा तिचे दुसरे आजोबा शेती करत नसतील, तर ‘जे’ खोडू नका, फक्त ‘आजोबा’च्या आधी सरकवा. आजोबा कोणते हे आधीच ठरलेलं असेल, तर ‘जे’ काढून टाका आणि मध्ये पूर्णविराम द्या.