फ्रंट ऑफिस फक्त 5 आठवडे, मग रेझ्युमेत लिहू काय?

"मॅडम, हॉटेल मॅनेजमेंटचं बीएचएमसीटी झालंय, जॉब फ्रंट ऑफिसलाच हवाय. पण ट्रेनिंगमध्ये फ्रंट ऑफिस जेमतेम 5 आठवडे मिळालं, बाकी किचन, सर्व्हिस आणि हाउसकीपिंग. ऑपेरा या हॉटेल सॉफ्टवेअरचं स्वतःचं लॉगिनपण नव्हतं. रेझ्युमेत लिहू तरी काय?"

ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा एक इंटरव्ह्यू हातचा गेला होता. रेझ्युमे दोन पानी, वर मोठं ऑब्जेक्टिव्ह, खाली चारही डिपार्टमेंटला दोन-दोन ओळी, आणि स्किल्समध्ये "ऑपेरा, आयडीएस, अमेडियसमध्ये प्रवीण". इंटरव्ह्यूत फ्रंट ऑफिस मॅनेजरने एवढंच विचारलं की रूमचं भाडं कंपनी भरणार आणि लाँड्री, जेवण गेस्ट स्वतः भरणार, तर ऑपेरात बिल कसं लावशील? तिला काही सुचलंच नाही, आणि मग पुढच्या प्रत्येक ओळीवर संशय आला, खऱ्या होत्या त्यांच्यावरसुद्धा.

मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, 22 आठवड्यांत तुझ्या हाताने काय काय झालं ते मराठीत लिही, रेझ्युमे नंतर बघू. अमेडियस कॉलेजच्या एका लेक्चरला पडद्यावर पाहिलेलं, ते लगेच खोडलं. ऑपेराचं मात्र बरंच निघालं. रिसेप्शनवर सीनिअरच्या लॉगिनवर, तो शेजारी उभा असताना, ती नावाने किंवा कन्फर्मेशन नंबरने बुकिंग शोधायची, उद्याच्या अरायव्हल्सची रजिस्ट्रेशन कार्डं प्रिंट करायची, रूम स्टेटस बघायची, आणि शेवटच्या आठवड्यात काही चेक-इनही केले. बिलिंग आणि नाईट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशोब जुळवणं, फक्त पाहिलं होतं. मग तेच लिहिलं: "ऑपेरा: बुकिंग शोधणे, रजिस्ट्रेशन कार्ड, रूम स्टेटस, देखरेखीखाली चेक-इन; बिलिंग व नाईट ऑडिट निरीक्षण." रेझ्युमे इंग्लिशमध्येच पाठवायचा, इथे मराठीत सांगतेय. तिला वाटलं असं लिहिलं तर आपण कमी दिसू. पण ट्रेनीला बिलिंगचे हक्क सहसा देत नाहीत हे मॅनेजरला माहीतच असतं, त्यामुळे त्याला "प्रवीण"पेक्षा हीच ओळ खरी वाटते.

रोटेशनचे आठवडे होते किचन 6, सर्व्हिस 6, हाउसकीपिंग 5, फ्रंट ऑफिस 5. हे आकडे बदलायचे नाहीत, ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटशी ताडून बघतात. पण जागा सगळ्यांना सारखी द्यायची असं कुठे आहे? फ्रंट ऑफिस सगळ्यात वर घेतलं आणि त्यातही फोड केली, 2 आठवडे बेल डेस्क, 3 आठवडे रिसेप्शन. किचन आणि सर्व्हिस मिळून एक ओळ, बास.

आणि हाउसकीपिंग, जे तिला वाया गेलं असं वाटत होतं, त्यातले 2 आठवडे ती कंट्रोल डेस्कला होती! मजल्यावरून आलेलं रूम स्टेटस आणि रिसेप्शनच्या सिस्टीममधलं स्टेटस जुळवायचं, फरक निघाला तर कळवायचं. सिस्टीममध्ये गेस्ट आहे पण रूम रिकामी सापडली तर तो स्किप, म्हणजे बिल न भरता गेला असू शकतो, आणि उलटं असेल, रूम रिकामी दाखवतेय पण आत कोणीतरी राहतंय, तर स्लीप. रिसेप्शनवर चुकीची रूम देऊन गेस्टला भरलेल्या खोलीत पाठवायची नामुष्की यामुळेच टळते, म्हणून हे फ्रंट ऑफिसच्या लगेच खाली आलं.

गेस्ट हँडलिंगला तिने "उत्तम संवादकौशल्य" लिहिलेलं. मी विचारलं, एखादा दिवस सांग जेव्हा लॉबीत गोंधळ होता. एका लग्नाच्या ग्रुपच्या 18 रूम होत्या, चेक-इन दुपारी 2 ला आणि माणसं 11 लाच हजर. तिने बॅगांना टॅग लावले, दर थोड्या वेळाने हाउसकीपिंगला फोन करून तयार रूमची यादी घेतली, आणि ड्यूटी मॅनेजरने ठरवल्याप्रमाणे आधी वयस्कर मंडळींना रूम दिल्या. निर्णय मॅनेजरचा होता, तोही तसाच लिहिला, नाहीतर "आधी कोणाला द्यायची हे तू कशावरून ठरवलंस" असा प्रश्न आला की गडबड होते.

एका पानात सगळं बसलं. खाली नाईटसह सर्व शिफ्टची तयारी आणि मराठी, हिंदी, इंग्लिश, यातली कुठली बोलता येते आणि कुठली लिहिता येते तेही वेगळं.

पुढच्या इंटरव्ह्यूत, दुसऱ्या हॉटेलात, बिलाचा तोच प्रश्न परत आला. या वेळी ती म्हणाली, मी स्वतः केलेलं नाही, पण पाहिलंय, फोलिओच्या, म्हणजे गेस्टच्या बिलाच्या, दोन विंडो करतात, रूमचं भाडं राउटिंग लावून कंपनीच्या विंडोत जातं आणि बाकी गेस्टच्या. मॅनेजरने मान डोलावली आणि मग बराच वेळ त्या 18 रूमबद्दलच विचारत बसले.