बार्बेरियन संपला? आता नेक्रोमॅन्सर घे

भावा, डायब्लो २ रिसरेक्टेड बार्बेरियनने संपवलास, तर लगेच पॅलाडिन नको; पुन्हा जवळ जाऊन मारामारीच होईल. नेक्रोमॅन्सर घे. प्रदेश तेच, पण लढतात तू प्रेतांतून उठवलेले सांगाडे. पहिलं प्रेत मात्र स्वतः पाडावं लागतं.

सुरुवातीचे पॉइंट रेझ स्केलेटन आणि स्केलेटन मास्टरीतच घाल. सगळीकडे एकेक वाटलेस की दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये ड्यूरिएल सांगाडे भराभर फोडतो, आणि त्याच्या खोलीत नवे उठवायला प्रेतंच नसतात. तिथे क्ले गोलेम पुढे कर, त्याने ड्यूरिएल मंदावतो. पॉइंट चुकलेच, तर डेन ऑफ ईव्हिल साफ केल्यावर अकारा एकदा परत देते.

आपल्या खानापूरकडे पावसात नेट जातं. म्हणून जुना कॅरेक्टर ऑफलाईन असेल, तर नवाही ऑफलाईनच कर; शेअर्ड स्टॅशमधलं सामान तरच मिळेल.