शिरोरेघेवरचे टिंब ओळखताना

जुन्या पुस्तकाचा मजकूर टंकताना पुसट छपाईत शिरोरेघेवरची खूण नीट कळली नाही, तर अर्थावरून अंदाज बांधण्याआधी त्याच पानावरचा एखादा निःसंशय अनुस्वार, समजा ‘मंडळ’मधला, शोधावा आणि शंकास्पद खुणेशेजारी तेवढाच मोठा करून पाहावा. खूण त्याहून रुंद व खालून बाकदार असेल, तर तो चंद्र आहे. ‘बॅट’मधल्या चंद्रापेक्षा ती उंच भरत असेल, तर आत टिंब बुजलेले असून ‘बँक’प्रमाणे चंद्रबिंदू टंकावा, चंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हे जोडू नयेत.

1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘नाहीं’ यांतील अनुच्चारित अनुस्वार मूळचेच असतात, म्हणून ते शाईचे डाग समजून गाळू नयेत. ‘नाहीं’मधले टिंब वेलांटीला चिकटून तिचा माथा केवळ जाड करते, त्यामुळे तिथे पानावरच्या दुसऱ्या ‘ही’शी तुलना करणे मला अत्यावश्यक वाटते.