लॉग शेवटाकडून वाच

चॅटबॉट कुठे हुकतो हे त्याच्या संवादांच्या लॉगमधून शोधताना फक्त बॉटची "समजलं नाही" अशी उत्तरं वेगळी काढून बघू नकोस, सगळे नवखे तेच करतात. खरी गळती चुकीच्या उत्तरांत दडलेली असते. समज, लातूरकडचा शेतकरी पीकविम्याच्या चॅटबॉटला विचारतो, "पैसे कधी पडतील?" बॉट अर्ज कसा भरायचा ते सांगतो. तो पुन्हा लिहितो, "अर्ज भरलाय, पैसे कधी?" परत तेच. मग तो गायब. अहवालात मात्र दोन्ही प्रश्न 'उत्तर दिले' म्हणून मोजलेले!

सध्या एवढंच कर:

- तोच प्रश्न शब्द बदलून आला, की आधीचं उत्तर हुकलं असं धर.
- गप्प झालेला प्रत्येकजण वैतागलेला नसतो; काम झाल्यावरही माणूस जातो. शेवटचं उत्तर प्रश्नाला लागू होतं का, ते बघ.

हुकलेले प्रश्न लोकांच्याच शब्दांत उतरव. गट नंतर पाडू.