झाडाच्या बुडाचा फोटो पाठवा

एप्रिल लागला की ‘हे झाड पडेल का’ असं विचारणारे झाडांचे फोटो माझ्याकडे येऊ लागतात. बहुतेकांत शेंडा असतो, आभाळ असतं आणि बुंधा जिथे जमिनीत शिरतो नेमकी तीच जागा कापलेली असते. मोठं झाड मुळासकट उलटणार की उभं राहणार, हे बहुधा तिथेच ठरतं. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येत असल्याने या वेळी एकत्र घेतो.

प्रश्न: घरामागच्या कडुलिंबाचे शेंडे करपलेत, डहाळ्या लोंबतात. झाड मेलं का? अंगावर पडेल का?

मेलेलं नाही. कोवळ्या डहाळ्या करपण्याचा हा बुरशीचा रोग आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बहुतेक झाडं पुन्हा पालवतात. पेन्सिलीएवढ्या काड्यांची काळजी करू नका. पण मांडीएवढी फांदी वर्षभर पालवली नसेल, तिची साल सुटत असेल आणि खाली गुरं बांधत असाल, तर आजच गुरं हलवा. वाळलेली जाड फांदी वारा नसतानाही तुटते. शंका असेल तर नखाने साल खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर फांदी जिवंत आहे. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, मोह, सागवानाचे निष्पर्ण फोटो पाठवून ‘वाळलं का’ असं विचारू नका. तो त्यांचा पानगळीचाच काळ आहे.

प्रश्न: धुऱ्यावरची बाभूळ लहानपणापासून रस्त्याकडे वाकलेली पाहतो. या वर्षी जमिनीला भेगाही पडल्यात. पाडू का?

बाभूळ खाली वाकून वरचा शेंडा सरळ आभाळाकडे गेला असेल, तर तो बाक जुना आहे आणि झाडाने तो सावरला आहे. भेगांचं म्हणाल तर काळ्या जमिनीला मे महिन्यात सगळीकडेच जाळीसारख्या भेगा पडतात, त्याचा झाडाशी संबंध नसतो. भीती वेगळ्या भेगेची आहे. झाड ज्या बाजूला कललं आहे त्याच्या पाठीमागच्या बाजूला, बुंध्याभोवती अर्धगोलात जाणारी एकच भेग दिसते का आणि आतल्या बाजूची माती वर उचलली आहे का, ते पाहा. तसं असेल किंवा बाक याच वर्षी आला असेल, तर रस्त्याच्या त्या बाजूला कोणाला थांबू देऊ नका आणि जाणकाराला बोलवा.

प्रश्न: शाळेजवळच्या कडुलिंबाच्या बुडाशी तपकिरी, चकचकीत, कडक छत्र्या आल्यात. झाड हिरवंगार आहे. एक जण म्हणतो औषध मारू, दुसरा म्हणतो छत्र्या काढून टाका, बस. काय करावं?

आधी त्या झाडाखाली मुलं बसवणं बंद करा. मग पुढचं वाचा.

छत्री हे बुरशीचं फळ आहे. ती बाहेर येते तेव्हा आतल्या लाकडात बुरशी कित्येक वर्षं वाढलेली असते. छत्री तोडली की रोग गेला, हा समज मी ऐकून ऐकून थकलो आहे. ती तोडल्याने फक्त तुमची खूण जाते. बुडाशी येणारी अशी चकचकीत छत्री बहुतेकदा गॅनोडर्माची असते. कडा पांढरी आणि ओलसर असेल तर ती यंदा वाढते आहे. खालच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी पूड पडलेली दिसेल, ती तिचीच.

ही बुरशी बुंध्याचा गाभा आणि झाडाला जमिनीत धरून ठेवणारी जाड मुळं कुजवते; लाकूड स्पंजासारखं मऊ, दोरेदार होतं. पाणी वर नेणारं लाकूड मात्र सालीला लागून असतं. ते आणि काही मुळं शाबूत असली की पालवी येत राहते. म्हणून पालवी पाहून झाड घट्ट उभं आहे असं धरू नका. फवारणीवाला येईल, बुंध्याला भोक पाडून इंजेक्शन देणारा येईल. कुजलेलं मूळ त्याने पुन्हा घट्ट होत नाही, तुमचे पैसे मात्र जातात.

या गृहस्थांना मी बुडाचे फोटो पुन्हा मागवले. भोवती सिमेंटचा ओटा होता, तो एका बाजूने काढायला सांगितला. नंतर खुरपीने वीतभर माती बाजूला करून जाड मुळं जिथे सुरू होतात ती जागा उघडी केली. झाडाचा घेर नऊ फूट, सात जाड मुळं दिसली. लाकडी हातोडीने एकेक ठोकल्यावर चार ठणठणीत वाजली, तीन भदभद. त्या तिघांत बोटाएवढी सळई दाबली तर वीतभर आत गेली. तिन्ही एकाच बाजूला होती आणि त्याच बाजूने, बुंध्यापासून चार फुटांवर, गेल्या वर्षी नळाच्या पाइपसाठी चर खोदला होता. म्हणजे त्या बाजूची जी मुळं बुरशीतून वाचली असतील, तीही चरात तुटली असणार.

छत्री, मऊ मुळं आणि तुटलेली बाजू हे तिन्ही एकत्र दिसलं की मी फोटोवर थांबत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयाचा किंवा कृषी महाविद्यालयाचा माणूस जागेवर आणा आणि वादळाच्या आधी आणा. ‘पावसाळा जाऊ द्या, मग पाहू’ असं ग्रामपंचायतीत कोणी म्हणालं, तर ९ एप्रिल २०२३ ची आठवण द्या. त्या दिवशी अकोला जिल्ह्यात पारसला मंदिरासमोरच्या टिनाच्या शेडवर लिंबाचं मोठं झाड पडून सात जण गेले. वादळात माणसं शेडखालीच धावतात, म्हणून झाड आणि शेड यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

प्रश्न: चिंच आतून पोकळ झाली आहे. सिमेंट भरून घेऊ का?

नाही. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि झाड हललं की आतून लाकूड घासतं. पोकळी असणं आणि झाड कमकुवत असणं यांत फरक आहे. भार बाहेरचं जिवंत, निरोगी लाकूड पेलतं. घेर दहा फूट असेल तर मध्यापासून कडेपर्यंत साधारण ४८ सेंटिमीटर होतात. त्यातलं तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर चांगलं लाकूड चहूबाजूंनी असेल, तर मोडण्याची भीती कमी. पण हा ठोकताळा ढोलीचं तोंड उघडं असताना, बुंधा चिरलेला असताना किंवा मुळं कुजलेली असताना लागू होत नाही. सगळीकडे किती लाकूड आहे ते फोटोवरून कळत नाही. चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा कुऱ्हाड लावण्याआधी परवानगीचं विचारा.

प्रश्न: वादळाची भीती म्हणून शेंड्याकडच्या सगळ्या फांद्या छाटून डांबर लावलं. चांगलं केलं ना?

नाही केलं. जखमेवर डांबर लावल्याने कूज थांबत नाही. शेंडे उडवले की तिथून झुबक्याने येणारे नवे फोक वरवर चिकटलेले असतात, चार-पाच वर्षांनी तेच वाऱ्यात तुटतात.

प्रश्न: फोटो नेमका कसा काढायचा?

चारही बाजूंनी, वीस-पंचवीस पावलांवरून, जमीन दिसेल असा. मग बुडाचा जवळून, शेजारी खुरपी ठेवून, म्हणजे मोजमाप कळतं. सोबत लिहा: घेर किती, खाली कोण बसतं किंवा काय बांधलं आहे, गेल्या दोन-तीन वर्षांत जवळ खोदकाम झालं का. झाड धोक्याचं दिसलं तर त्या फोटोंवरून मी तसं लगेच कळवीन. ‘सुरक्षित आहे’ असं मात्र फोटोवरून लिहून देणार नाही, ते झाडाखाली उभं राहून तपासणाऱ्याचं काम आहे. आभाळ भरून आलं असेल तर फोटो दुसऱ्या दिवशी काढा.